नऊ नंबरचं कलम मराठीत

अमरावतीच्या कोर्टासमोर एका टायपिंगच्या दुकानात मी साडेतीन वर्षं काम केलं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. दोन टाइपरायटर, एक कॉम्प्युटर आणि बाहेर एक बाकडं. बी.ए. झाले होते, इंग्रजी-मराठी दोन्ही टायपिंग पास होते आणि घरात बसून राहायचं नव्हतं, एवढीच माझी पात्रता. दुकानाचे मालक साठीचे होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचा एक नियम होता: आलेला कागद जसा आहे तसा उतरवायचा, त्यातलं एक अक्षर स्वतःच्या मनाने हलवायचं नाही आणि गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा नाही. सल्ल्याचे पैसे वकील घेतो, आपण फक्त पानाचे घेतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतावर सगळ्यांचं भागत नाही हे घराघरात कळून चुकलं होतं, आणि ज्याला जमेल तो एखाद्या तरी लेकराला शहरात पाठवत होता. कोणी डी.एड.ला, कोणी दुकानात, कोणी दवाखान्यात. त्यामुळे आमच्याकडे एक काम फार वाढलं, भाडेकराराचं. अकरा महिन्यांचा करार, शंभराचा स्टॅम्पपेपर, खाली दोन साक्षीदार, मग शेजारच्या नोटरीचा शिक्का. करार रजिस्टर करायला हवा असा कायदा होता, पण आमच्या भागात तेव्हा नोटरीवरच निभावायचे. मजकूर सगळ्यांचा एकच. कुण्या वकिलाने कधीकाळी इंग्रजीत केलेला, झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अक्षरं पुसट झालेला. आम्ही नाव, पत्ता, भाडं आणि अनामत एवढंच बदलायचो. मी तो करार इतक्या वेळा टाइप केला होता की बोटांना पाठ होता. पण वाचला होता का? नाही. टाइप करणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका मुलीमुळे कळलं.

ती एका दलालाबरोबर आली. वय बावीस-तेवीस, अंगात साधा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. पातूरकडच्या एका खेड्यातली. नर्सचा कोर्स करून बडनेऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती. आतापर्यंत हॉस्टेलवर राहिली, आता खोली घेत होती. तिच्या घरात याआधी कोणीच भाड्याने राहिलेलं नव्हतं. घर म्हणजे आपलंच असतं, अशी त्यांची समजूत.

दलालाने नेहमीचा झेरॉक्स माझ्यापुढे टाकला, नावं सांगितली आणि म्हणाला, "भाडं बाराशे, डिपॉझिट पाच हजार. टाका पटकन. मालकाची सही मी घेऊन येतो, ते कोर्टात नाही येत." मग तो नोटरीकडे नंबर लावायला गेला.

मी टाइप करत होते. ती बाकड्यावरून उठून माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"ताई, याच्यात काय लिहेल हाय?"

"नेहमीचंच आहे सगळं."

"मले नेहमीचं काय असते तेच माईत नाही," ती म्हणाली. "इंग्लिश मले येते, पण हे दवाखान्यातलं इंग्लिश नाही. हे काही समजून नाही राहिलं."

मी हसले. तीही हसली, पण पिशवी तशीच छातीशी धरलेली. पिशवीत पाच हजार रुपये होते हे मला नंतर कळलं. त्यातले अर्धे तिने पगारातून साठवलेले, बाकीचे आईने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून जमवलेले.

"दलाल मने," ती म्हणाली, "अकरा महिन्याच्या आत सोडलं तं पैसे बुडते. खरं हाय का?"

शेकडो वेळा टाइप केलेल्या कागदात काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं! मग मी झेरॉक्स उचलला आणि पहिल्यांदा वाचला. आठव्या कलमापर्यंत सगळं भाडं, वीज, पाणी, भिंतीला छिद्र पाडू नये वगैरे. नवव्यात ते होतं. एकच वाक्य, नऊ ओळींचं, मधे कुठे दम घ्यायला जागा नाही. अनामत, नोटीस, ताबा, सगळं एकाच दोरीत गुंडाळलेलं.

काका समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पेपर वर केला. त्यांना दिसलं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी एक कोरा कागद घेतला आणि पेनाने त्या कलमाचं मराठी लिहायला बसले.

सोपं वाटलं होतं, सोपं नव्हतं. पहिल्यांदा मी लिहिलं, 'भाडेकरूने जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा दिल्यानंतर घरमालक अनामत रक्कम बिनव्याजी परत करील.'

तिने वाचलं. "शांततापूर्ण म्हंजे? भांडण न करता?"

"हो. म्हणजे कुणाला आत बसवून, कुलूप लावून, वाद ठेवून जायचं नाही. सामान काढायचं, चावी द्यायची."

"ते तं देईनच मी." मग ती त्याच ओळीवर थांबली. "अन् हे 'नंतर' म्हंजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर."

"नाही ताई," ती म्हणाली. "आमच्या गावात कापसाचे पैसे नंतर देतो म्हंतेत. ते नंतर कधी दिवाळीले येते, कधी होळीले येते. आलं तं आलं."

मी परत इंग्रजी पाहिलं. तिथे 'नंतर' नव्हतंच. तिथे होतं 'सायमल्टेनियसली'. ताबा आणि पैसे दोन्ही एकाच वेळी, या हाताने चावी आणि त्या हाताने रक्कम. मी सवयीने, विचार न करता 'नंतर' लिहून गेले होते. त्या एका शब्दाने तिचे पाच हजार होळीपर्यंत लटकले असते, निदान तिच्या डोक्यात तरी. माझे कान तापले. मी 'दिल्यानंतर' खोडलं आणि लिहिलं, 'ताबा देतेवेळीच, त्याच वेळी.'

मग मी सगळं परत पहिल्यापासून केलं, एका वाक्याची पाच वाक्यं करून. ती पाच वाक्यं मला अजून आठवतात.

दोघांपैकी कोणीही, म्हणजे घरमालक किंवा भाडेकरू, केव्हाही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन हा करार संपवू शकतो. महिना नोटीस पोचल्याच्या तारखेपासून मोजायचा. नोटीस न देता, किंवा कमी दिवसांची नोटीस देऊन जागा सोडली, तर जेवढे दिवस कमी पडले तेवढ्याच दिवसांचं भाडं अनामतीतून कापता येईल. थकलेलं भाडं, विजेचं बिल आणि मोडतोड झाली असेल तर तिचा खर्चही कापता येईल, पण नेहमीच्या वापराने झालेली झीज धरायची नाही. उरलेली अनामत रक्कम जागेचा ताबा देतेवेळीच, त्याच वेळी, बिनव्याजी परत करायची.

"म्हंजे पैसे बुडत नाही," ती म्हणाली.

"कागदात तसं कुठेच नाही. दलाल बोलतो ते कागदात नाही."

"अन् लेखी म्हंजे? तोंडी सांगतलं तं?"

"तोंडी चालत नाही. साध्या कागदावर लिहायचं, तारीख टाकायची, दोन प्रती करायच्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर त्यांची सही घ्यायची, मिळाली म्हणून. ती पोच. सही दिली नाही तर पोस्टातून रजिस्टर करायचं, पोचपावतीचं कार्ड लावून. ते कार्ड सही होऊन तुझ्याकडे परत येतं."

तिने तो कागद चार घड्या करून पिशवीत ठेवला. तेवढ्यात दलाल आला. "झालं का? काय लिहून राहिल्या मॅडम?" मी म्हटलं, झालं. तिने इंग्रजी करारावर सही केली, नीट, पूर्ण नावाची. ती गेल्यावर काका पेपरमागून म्हणाले, "पानाचे पैसे घेतले ना?" मी हो म्हटलं. मराठी कागदाचे घेतले नव्हते, ते त्यांना माहीत होतं.

सहा महिने गेले. मी ती मुलगी विसरले असं म्हणणार नाही, पण रोज आठवत होती असंही नाही. फरक एवढाच की त्यानंतर भाडेकरार टाइप करताना मी नववं कलम मनात मराठीत म्हणायचे. आणि दर वेळी एक भीती वाटायची. मी लिहून दिलेल्या त्या कागदाला कायद्याने काडीची किंमत नव्हती. सही इंग्रजीवर होती. मी कुठे चुकले असेन तर? 'नंतर' जसं निसटलं तसं आणखी काही निसटलं असेल तर? आणि ती त्याच्यावर भरवसा ठेवून बसली असेल तर?

मग एका शनिवारी दुपारी ती आली. धापा टाकत. पिशवीतून दोन कागद काढून तिने माझ्या टाइपरायटरवर ठेवले. एक सरकारी ऑर्डर होती, मेळघाटात सेमाडोहच्या पलीकडे एका उपकेंद्रावर तिची नेमणूक झाली होती. पक्की नोकरी. त्या वर्षांत आमच्याकडे पक्क्या नोकरीला काय मोल होतं ते मी काय सांगू. दुसरा कागद म्हणजे तिने हाताने लिहिलेली नोटीस. मी सांगितलं होतं तशी, तारखेसकट.

"अभिनंदन!" मी म्हटलं. पण तिचं तोंड उतरलेलं होतं.

"ताई, ऑर्डर चार तारखेले आली. एकोणीसच्या आत हजर व्हा लागते. मी त्याच दिवशी नोटीस लिहून चाचाले द्याले गेली." चाचा म्हणजे तिचे घरमालक. "त्यायनं कागद पाह्यला अन् सही नाही केली. मने, दलालले विचारतो. मंग मी तुमी सांगतलं होतं तसं रजिस्टर केलं. सहा तारखेले त्यायले भेटलं, हे पाहा कार्ड. पण काल मने, दलाल म्हंते अकरा महिने नाही झाले तं डिपॉझिट नाही भेटत. मी तुमचा कागद दाखवला. तं ते त्याच्याकडे पाहातच नाही. मने, कागद-गिगद मले दाखवू नको."

तिने कार्ड परत पिशवीत घातलं. "मले मंगळवारी तिकडं सामान घेऊन जा लागते. गादी, गॅस, सगळं घ्या लागते. माय म्हंते, जाऊ दे, नोकरी लागली ना. पण ताई, ते मायच्या हाताचे पैसे हायत."

काकांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता नियम ऐकवणार. ते म्हणाले, "उद्या रविवार आहे. दुकान बंद. रविवारी तू कुठं जातेस ते मला काय माहीत." मग त्यांनी कपाटातून आमच्याकडे ठेवलेली त्या कराराची प्रत काढून माझ्यापुढे सरकवली.

रात्री घरी बसून मी इंग्रजी आणि मराठी दोन्ही शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिला. तीन वेळा. चूक सापडली नाही, तरी झोप धड लागली नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघी सीटप्रमाणे पैसे घेणाऱ्या ऑटोने बडनेऱ्याला गेलो. मनात मी त्या घरमालकाचं एक चित्र तयार करून ठेवलं होतं. तोंडात पान, डोळ्यांत हिशेब, 'कायदा आम्हाला शिकवू नका' म्हणणारा. त्याला काय काय सुनवायचं ते मी ऑटोत मनात पाठ केलं.

रेल्वे लाइनीच्या मागे एका गल्लीत घर होतं. खाली दोन खोल्या, वर नवीन बांधलेली एक, तिला अजून बाहेरून प्लास्टर नव्हतं. अंगणात रंध्याने काढलेल्या लाकडाच्या सालींचा ढीग. एक म्हातारे गृहस्थ पायाखाली पाटाची फळी धरून तासत बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. रेल्वेत सुतारकाम करून निवृत्त झालेले.

"या बेटा," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "वकील आनली का?"

"नाही चाचा. ह्या टायपिंगवाल्या ताई. त्यायनंच आपला कागद टाइप केला."

त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि आतल्या बाजूला हाक मारली. चाची बाहेर आल्या, आम्हाला चटई टाकून दिली, पाणी दिलं. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडात विरघळून गेलं. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो त्याला काय सुनवणार?

मी म्हटलं, "चाचा, करारात नऊ नंबरला असं लिहिलंय की..." आणि इंग्रजी प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. हात फडक्याला पुसत राहिले. तीन-चार वेळा पुसले, तरी घेतली नाही. मग माझ्या लक्षात आलं. आधी का आलं नाही याची अजून लाज वाटते.

"तुम्ही हा वाचलाय का कधी?" मी हळूच विचारलं.

"मले इंग्लिश नाही येत, बाई," ते म्हणाले. "मराठी बी नाही वाचता येत. उर्दू चौथीपर्यंत शिकलो. सही करता येते तेवढी. दलाल मने कर सही, केली. ही पोरगी कागद घेऊन आली, मने सही करा. आता मले काय माईत त्याच्यात काय हाय? एकदा माह्या भावानं अशीच सही केली होती, वावराचा तुकडा गेला. तवापासून मी कोन्या कागदावर सही नाही करत, समजल्याबिगर."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. सहा महिने ती त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत राहिली होती आणि दोघांनाही न कळणाऱ्या एकाच कागदावर दोघांनी सह्या केल्या होत्या. तिला मी मराठी करून दिलं होतं. त्यांना कोणी काहीच करून दिलं नव्हतं. माझ्या मनात आलंच नव्हतं की घरमालकालाही ते लागेल. मालक म्हणजे त्याला सगळं माहीत असणार, असं मी धरून चालले होते. ही त्यांची पहिलीच खोली होती, निवृत्तीच्या पैशातून बांधलेली, आणि ही मुलगी त्यांची पहिलीच भाडेकरू.

"मी वाचून दाखवू?" मी विचारलं. "सगळं. तुमच्या फायद्याचं आहे तेही आणि तिच्या फायद्याचं आहे तेही."

"वाचा," ते म्हणाले. चाचीही उंबऱ्यात बसल्या.

मी ती पाच वाक्यं वाचली, सावकाश. नोटीस दोघांपैकी कोणीही देऊ शकतो म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. "म्हंजे मले खोली पायजे असन तं मी बी देऊ शकतो?"

"हो. तुम्हीही एक महिन्याची."

"हे चांगलं हाय. मले वाटे एकदा भाडेकरू बसला की बसला."

पुढे वाचलं. झिजेच्या वाक्यावर ते हसले. "झीज तं होतेच. लकडी हाय, हात लागला का झिजते. ते काय कापाचं?" आणि मग शेवटचं वाक्य आलं. उरलेली अनामत रक्कम.

"थांबा," ते म्हणाले. "काय मनलं? अमानत?"

"अनामत."

"तेच. अमानत." ते चाचीकडे वळले. "ऐकलं? दलाल मने डिपाझिट. डिपाझिट म्हंजे मले वाटे पगडीवानी काही असन, घरवाल्याचं होऊन जाते. ही तं अमानत हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, अमानत म्हंजे दुसऱ्याची वस्तू, आपल्याजवळ ठेवाले देल्ली. ते माही कशी होईन? ते तं वापस कराच लागते."

मी वकिली भाषेला धरून, नेहमीचा शब्द म्हणून 'अनामत' लिहिलं होतं. तो शब्द यांच्या घरात इतका जुना, इतका ओळखीचा असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

चाची उठून आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. एक पाकीट घेऊन त्या बाहेर आल्या, दवाखान्याचं, वर त्या मुलीनेच लिहिलेला आकडा होता. उघडलेलंसुद्धा नव्हतं. "मी याले कवाचीच सांगून राहिली," त्या म्हणाल्या, "पोरीचे पैसे पोरीले दे. तं हा दलालच्या तोंडाकडे पाहे."

मुलगी रडायलाच लागली. मग चाचा घाबरले. "काहून रडून राहिली बेटा? देऊन राहिलो ना!"

पण हिशेब राहिलाच होता, आणि तो मीच काढला. लपवला असता तर वाचून दाखवण्याला काय अर्थ होता? मी सांगितलं, "नोटीस सहा तारखेला पोचली, म्हणजे महिना पुढच्या सहा तारखेला पुरा होतो. या महिन्याचं भाडं तिने एक तारखेलाच दिलंय. कमी पडतात ते पुढच्या महिन्याचे सहा दिवस. तेवढे चाचा कापू शकतात. आणि विजेचे."

"जाऊ द्या सहा दिवस," चाचा म्हणाले.

"नाही," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "कागदात हाय तं घ्याच लागते. तुमी कागदापरमानं देऊन राहिले, मी बी कागदापरमानं देईन." दोघांची थोडी ओढाताण झाली. शेवटी सहा दिवसांचे दोनशे चाळीस आणि वायरमनने बसवलेल्या छोट्या मीटरप्रमाणे विजेचे त्यांनी घेतले.

"अन् ताबा?" चाचांनी विचारलं. त्यांना आता कागदातलं सगळं बरोबर व्हायला हवं होतं. "कागद म्हंते ताबा अन् पैसे एकाच टाइमाले. मी आज पैसे देऊन टाकतो, पण हे सामान तं वरच हाय."

मग असं ठरलं की पैसे मंगळवारी, ती सामान काढून चावी देईल तेव्हाच द्यायचे. तिला ते पटलं. सहा महिन्यांपूर्वी 'नंतर म्हणजे कधी' विचारणारी मुलगी आता दोन दिवसांनी मिळणाऱ्या पैशांसाठी हसत तयार होती, कारण तारीख ठरलेली होती. नोटिशीच्या तिच्या प्रतीवर चाचांनी सही केली, उर्दूत, उजवीकडून डावीकडे, मी परत एकदा वाचून दाखवल्यावरच.

परत येताना ऑटोत आमच्याशिवाय आणखी पाच जण होते. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मी रातभर भांडण पाठ करून ठेवलं होतं." मी म्हटलं, मीही. मग दोघींना हसू आवरेना, लोक पाहायला लागले. राजकमल चौकात उतरून आम्ही कचोरी खाल्ली. सकाळपासून मला भूक लागली होती हे तेव्हाच कळलं. खांद्यावरून एक पोतं उतरावं तसं अंग हलकं झालं होतं. माझं मराठी चुकलं नव्हतं. एवढंच. पण त्या दिवशी मला ते फार मोठं वाटलं.

मंगळवारी तिने चावी दिली आणि पैसे घेतले. चाचांनी तिच्या ट्रंकेची निखळलेली बिजागरी स्वतः ठोकून दिली, असं ती फोनवर म्हणाली.

पुढच्या आठवड्यात चाचा दुकानात आले. हातात त्या जुन्या कराराची प्रत. "नवा भाडेकरू येऊन राहिला," ते म्हणाले. "मले हे सगळं मराठीत करून पायजे. अख्खं. अन् एकदा वाचून दाखवा लागन, आम्हा दोघायले, समोरासमोर बसून. त्याचे वेगळे पैसे लागन तं लागन."

काकांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "किती पानं होतील?"

"चार," मी म्हटलं.

"वाचायचे पैसे घेत नाही आपण," काका म्हणाले आणि पेपर परत वर केला.

ते चार पानांचं मराठी करायला मला तीन दिवस लागले. कलम सातवर मी एक पूर्ण दुपार अडले होते. नंतर हळूहळू लोक तोच मराठी करार मागायला लागले, आणि इंग्रजी झेरॉक्स खणात तळाशी गेला.

त्या मुलीचा एकदा सेमाडोहवरून एस.टी.डी.चा फोन आला. क्वार्टर गळकं आहे, लाइट संध्याकाळी दोन तास असते, रस्त्यात अस्वल दिसलं, पण पहिलं बाळंतपण एकटीने सुखरूप केलं, असं सगळं एका दमात सांगून ती म्हणाली, "ताई, इथं डिपॉझिट नाही अन् घरमालक बी नाही. सरकारच मालक हाय." मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. "पेशंट आला," म्हणून तिने फोन ठेवला.